शोकसभेच्या सूचनेतली ‘स्वेच्छा मदत’ : मंडळाच्या कार्यकारिणीस खुले पत्र

माननीय अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य यांस,

स. न. वि. वि.

आपल्या मंडळाचे एक जुने सभासद नुकतेच वारले. त्यांच्या निधनाची सूचना त्याच दिवशी संध्याकाळी फलकावर लागली आणि सभासदांच्या मोबाइलवरही आली. त्या एका पानात तीन मजकूर होते. पहिल्या परिच्छेदात निधनाची वार्ता, दुसऱ्यात शोकसभेची वेळ आणि तिसऱ्यात असे, की दिवंगत सभासदाच्या कुटुंबीयांसाठी सर्वांनी स्वेच्छेने यथाशक्ती मदत करावी, किमान रक्कम पुढीलप्रमाणे राहील, ती शोकसभेच्या दिवसापर्यंत जमा करावी आणि मदत करणाऱ्यांची नावे रकमेसह फलकावर प्रसिद्ध केली जातील.

हे पत्र त्या तिसऱ्या परिच्छेदाबद्दल आहे. ‘स्वेच्छेने’, ‘यथाशक्ती’ आणि ‘किमान’ हे तीन शब्द एकाच वाक्यात नांदू शकत नाहीत. ज्याची शक्ती किमान रकमेहून कमी आहे त्याने काय करावे, याचे उत्तर सूचनेत नाही आणि तोंडी विचारायलाही माणूस धजावत नाही. मंडळाची खजिनदार म्हणून मी नऊ वर्षे काम केले आणि त्या काळात अशा सहा सूचना माझ्या हातून किंवा माझ्या संमतीने निघाल्या. ‘यथाशक्ती’ या शब्दाशेजारी आकडा लिहिण्याची पद्धत आज नवी सुरू झालेली नाही, ती माझ्याही काळात होती. त्यामुळे या पत्रातले बरेचसे दोष मी आधी स्वतःच्या नावावर मांडते आहे आणि मगच आपल्यासमोर ठेवते आहे.

शोकसभेच्या दिवशी सभागृहाच्या दारात एक टेबल होते. टेबलावर उजवीकडे हजेरीची वही होती आणि डावीकडे पावतीपुस्तक व पाकिटांचा गठ्ठा. रांग एकच होती, त्यामुळे सही करून पुढे सरकणारा प्रत्येक जण आपोआप पावतीपुस्तकासमोर येऊन उभा राहत होता. माझ्या पुढे उभ्या असलेल्या एका वृद्ध सभासदांनी सही केली, खिशात हात घातला, पैसे बाहेर न काढता तो तसाच राहू दिला आणि पावती लिहिणाऱ्या तरुणाला अगदी हळू आवाजात विचारले, “आज थोडे कमी दिले तर चालतील का?” तो तरुण भला आहे. “काका, काहीच हरकत नाही,” असे तो लगेच म्हणाला. पण त्यांना विचारावे लागले, आणि तेही मागे रांग असताना. त्याच वेळी पहिल्या ओळीतल्या खुर्चीवर दिवंगतांच्या पत्नी बसल्या होत्या आणि त्यांचे तोंड टेबलाकडे होते. कोण पाकीट घेतो आणि कोण न घेता पुढे जातो हे त्यांनी पाहिले असेल किंवा नसेलही, पण ते त्यांना दिसेल अशीच मांडणी आपण केली होती. दोन सभासद सूचना वाचून सभेलाच आले नाहीत, असे मला नंतर कळले. मदतीच्या परिच्छेदामुळे शोकसभेची उपस्थिती कमी होत असेल, तर त्या परिच्छेदाने पहिल्या दोन परिच्छेदांचेच नुकसान केले, असे म्हणावे लागेल.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण आपल्या कार्यकारिणीतही त्याबाबत गोंधळ दिसतो. काही संस्थांच्या नियमावलीतच मृत्यू निधीची तरतूद असते. एखादा सभासद वारला की उरलेल्या प्रत्येक सभासदाने ठरलेली रक्कम द्यायची आणि त्या बदल्यात आपल्यामागे आपल्या कुटुंबालाही ती मिळणार, असा तो परस्पर करार असतो. तेथे रक्कम ठरलेली असते, मुदत असते, थकबाकीदारांची यादी असते आणि ते सगळे योग्यच असते, कारण सभासद होतानाच त्याने ते मान्य केलेले असते. आपल्या नियमावलीत अशी तरतूद नाही. ती असावी असे कोणाला वाटत असेल, तर सर्वसाधारण सभेत रीतसर दुरुस्ती मांडावी, मी तिला कदाचित पाठिंबाही देईन. पण तरतूद नसताना तिची सगळी अंगे, म्हणजे किमान रक्कम, शेवटची तारीख आणि नावांची यादी, सूचनेत घ्यायची आणि वर ‘स्वेच्छेने’ हा शब्द ठेवायचा, यातून वर्गणीही होत नाही आणि मदतही होत नाही. वर्गणीत देणाऱ्याला हक्क मिळतो आणि मदतीत नकार देण्याची मोकळीक असते. आपल्या सूचनेने सभासदाला या दोन्हींतले काहीच दिले नाही.

आता दुसरी गोष्ट. ही सूचना लावण्यापूर्वी कुटुंबाला विचारले होते का? शोकसभा ठेवू का, हे विचारले होते, असे चिटणीसांनी मला सांगितले. मदत गोळा करू का, हे मात्र विचारले नव्हते. दिवंगतांच्या मुलाला आपल्या कुटुंबासाठी निधी उभारला जात असल्याचे त्या सूचनेतूनच कळले. तो काही बोलला नाही, त्या दिवशी कोण बोलणार! पण एखाद्या घराला मदतीची गरज आहे असे चारचौघांत जाहीर करणे हा त्या घराबद्दलचा एक दावा असतो, आणि तो दावा करण्याचा अधिकार मंडळाला आपोआप मिळत नाही. काही घरांना खरोखर निकड असते, काहींना मुळीच नसते, आणि काहींना असते पण ती मंडळात कळू नये असे वाटते. तिन्ही घरे बाहेरून सारखीच दिसतात, म्हणून विचारण्यावाचून दुसरा मार्ग नाही.

विचारायचे तेही पहिल्याच दिवशी नाही आणि दहा जणांसमोर नाही. घराशी ज्याचे जाणे-येणे आहे अशा एकाच व्यक्तीने तीन-चार दिवसांनी जाऊन दोन प्रश्न विचारावेत : मंडळातून काही मदत गोळा केली तर तुम्हाला चालेल का, आणि चालणार असेल तर ती कोणाच्या नावे द्यावी? दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. पत्नी, वेगळी राहणारी मुले, आजवर खर्च उचलणारा भाऊ, यांच्यात कोणाच्या हाती रक्कम द्यायची याचा निर्णय मंडळाने परस्पर घेतला, तर आपण एका घराला मदत करत नसतो, त्या घरातल्या एका बाजूला करत असतो.

हे मी अनुभवाने सांगते आहे. सात वर्षांपूर्वी आपल्या एका सभासदाचे आकस्मिक निधन झाले तेव्हा मी खजिनदार होते. त्या वेळी किमान रक्कम लिहू नये इतके शहाणपण मला सुचले होते, पण दुसरी एक चूक मी केली. पैसा मंडळाच्या हिशेबात येऊच नये, थेट घरी जावा, म्हणजे आपल्यावर बोलणे येणार नाही, असा विचार करून मी दिवंगतांच्या एका नातेवाइकाकडून बँक खात्याचा क्रमांक घेतला आणि तो सूचनेत छापला. तो खाते क्रमांक दिवंगतांचाच होता आणि ते खाते त्यांच्या एकट्याच्या नावावर होते.

पुढे काय झाले ते क्रमाने सांगते. सूचना दुसऱ्या दिवशी निघाली. पाचव्या दिवशी घरच्यांनी मृत्यूचा दाखला बँकेत नेऊन दिला, आणि खातेदार हयात नसल्याची नोंद होताच एकट्याच्या नावावरच्या खात्याचे जे होते ते झाले, म्हणजे त्यातून पैसे काढणे बंद झाले. बँकेने काही वावगे केले नाही. मृताच्या खात्यातली रक्कम योग्य वारसाच्याच हाती जावी, ही बँकेची जबाबदारीच असते. पण त्या पाच दिवसांत ४१ सभासदांनी पाठवलेले पैसे त्या खात्यात पोचले होते. त्यानंतर पाठवलेल्यांपैकी काहींचे पैसे परत आले आणि आपली मदत मंडळाने नाकारली की काय, असा त्यांचा समज झाला. पोचलेली रक्कम वारसांची कागदपत्रे पूर्ण होऊन पत्नीच्या हाती पडायला पाच महिने लागले. ज्या पहिल्या महिन्याच्या अडचणीसाठी आम्ही निधी काढला होता, तो महिना त्यांनी शेजाऱ्याकडून हातउसने घेऊन काढला.

एवढ्यावर संपले नाही. एकदा मृताच्या खात्यात गेली की ती रक्कम ‘पत्नीला दिलेली मदत’ राहिली नाही, ती मृताच्या मालमत्तेत मिसळली. मालमत्तेत सगळ्या वारसांचा वाटा आला आणि मृताच्या कर्जाचाही प्रश्न आला. एका वारसाने, कायद्याच्या दृष्टीने अगदी बरोबर, आपला हिस्सा मागितला. सभासदांनी ज्या बाईंकडे पाहून पैसे दिले त्यांना त्यांतला एक भागच मिळाला. खाते संयुक्त असते आणि हयात खातेदाराला व्यवहार करण्याची मुभा असती, तर रक्कम अडकण्याचा त्रास बहुधा टळला असता, पण सूचना छापण्यापूर्वी ‘हे खाते कोणाच्या नावावर आहे?’ एवढा एक प्रश्न मी विचारला नव्हता. तेव्हापासून माझे मत पक्के आहे : निधनाच्या सूचनेत दिवंगताचा खाते क्रमांक कधीही छापू नये. खाते द्यायचे तर ते, ज्या हयात व्यक्तीला मदत द्यायची तिच्या नावाचे, तिच्या संमतीने द्यावे. नाहीतर मंडळाच्या नावाचे द्यावे आणि मंडळाने एकरकमी धनादेश काढावा. खजिनदाराचे किंवा चिटणीसांचे वैयक्तिक खाते तर मुळीच देऊ नये. माणूस कितीही सचोटीचा असला तरी त्याच्या घरखर्चात मिसळलेला निधी वेगळा करून दाखवणे त्यालाच जड जाते.

यंदाच्या सूचनेत आपण मंडळाचे खाते दिलेत, ही चांगली गोष्ट झाली. मात्र पैसे पाठवण्याचा कोड चित्राच्या रूपात मोबाइलवर फिरला आणि फिरताना त्याच्याखालचा मजकूर कापला गेला. असे चित्र कोणीही बदलून दुसरा कोड चिकटवू शकतो आणि शोकाच्या घाईत ते कोणाच्या लक्षात येत नाही. मूळ सूचना फलकावर आहे, पैसे पाठवण्यापूर्वी पडद्यावर मंडळाचेच नाव दिसते आहे याची खात्री करावी, एवढे एक वाक्य कोडच्या चित्रातच असले तर पुरेसे आहे.

तिसरा मुद्दा जरा सावकाश वाचावा अशी विनंती आहे. आपल्या सूचनेत मदतीचा हेतू ‘कुटुंबीयांना आधार आणि दिवंगतांच्या स्मरणार्थ योग्य उपक्रम’ असा दिला आहे. वाचायला हे छान वाटते. पण जमलेल्या रकमेपैकी किती आधारासाठी आणि किती उपक्रमासाठी? योग्य उपक्रम कोणता आणि तो योग्य आहे हे कोण ठरवणार? कुटुंबाने सगळी रक्कम मागितली तर? किंवा मुळीच नको म्हटले तर?

अशा मोघम शब्दांनी काय होते याचे एक उदाहरण कायद्याच्या अभ्यासक्रमात शिकवले जाते. ४ डिसेंबर १९५१ रोजी इंग्लंडमधल्या चॅटम येथे संध्याकाळच्या अंधारात रस्त्याने कवायतीच्या ओळीत चाललेल्या लहान कॅडेट मुलांच्या पथकात बस घुसली आणि २४ मुले मृत्युमुखी पडली. गिलिंगहॅम, रॉचेस्टर आणि चॅटम या तीन नगरांच्या महापौरांनी वर्तमानपत्राला पत्र लिहून निधीसाठी आवाहन केले. मुलांच्या अंत्यसंस्काराचा खर्च आणि अपंगत्व येईल त्या मुलांची देखभाल यांसाठी, आणि त्यानंतर मृत मुलांच्या स्मरणार्थ महापौर ठरवतील अशा चांगल्या कार्यांसाठी ही रक्कम वापरली जाईल, असे त्यांनी लिहिले होते. लोकांनी सुमारे ९००० पौंड दिले. पहिल्या दोन कामांवर खर्च होऊनही मोठी रक्कम उरली आणि प्रश्न न्यायालयात गेला. ‘चांगली कार्ये’ हे शब्द धर्मादाय हेतूच्या कायदेशीर व्याख्येत बसत नाहीत आणि दुसरा कोणता हेतू म्हणून ते टिकावेत इतके निश्चितही नाहीत, असा निर्णय १९५८ मध्ये झाला. महापौरांना ती रक्कम आपल्या मनाने वापरता येईना, कारण ती पुन्हा देणाऱ्यांचीच ठरली. पण त्यातला मोठा भाग रस्त्यावरच्या पेट्यांत नाणी टाकून निघून गेलेल्या अनोळखी लोकांचा होता. त्यांना कुठे शोधणार? हेतू भला होता, हिशेब चोख होता, तरीही पैसा पडून राहिला आणि तो केवळ आवाहनाच्या पत्रातल्या दोन-तीन शब्दांमुळे.

प्रत्येक देशाचा कायदा वेगळा असतो आणि आपला निधी त्या मानाने अगदीच लहान आहे. पण सूचनेचा मजकूर हाच निधीचा एकमेव करार असतो, हे लहान निधीलाही तितकेच लागू पडते. सभासदाने दुसरा कोणताही कागद वाचलेला नसतो. म्हणून हेतूचे वाक्य एकच असावे आणि त्यात ‘आणि’ नसावा. मला सर्वांत सुरक्षित वाटणारे वाक्य असे आहे : जमा होणारी सर्व रक्कम अमुक व्यक्तीला कोणत्याही अटीविना दिली जाईल. रक्कम दिली की निधी संपला. उरण्याचा प्रश्न नाही, ठरवण्याचा प्रश्न नाही. मुलीच्या शिक्षणासाठी किंवा कर्जफेडीसाठी असा हेतू लिहिला तर तो पूर्ण होतो आहे की नाही यावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी मंडळावर येते, आणि वर्षभराने शोकाकुल घरात जाऊन शिक्षणाच्या शुल्काच्या पावत्या मागण्याची वेळ येते. ती आपल्यापैकी कोणी मागणार नाही, हे मला ठाऊक आहे. मग तसे लिहू तरी कशाला? स्मरणार्थ उपक्रम करायचाच असेल तर तो स्वतंत्र ठरावाने, स्वतंत्र नावाने आणि काही महिन्यांनंतर करावा. त्या वेळी कुटुंबही मत देण्याच्या मनःस्थितीत असते.

हिशेबाबद्दल थोडेच लिहिते, कारण आताचे खजिनदार माझ्याहून व्यवस्थित आहेत. ही रक्कम मंडळाचे उत्पन्न नाही. ती मंडळाकडे ठेव म्हणून आलेली आहे, म्हणून जमाखर्चात तिची नोंद देण्याच्या बाजूला, वेगळ्या शीर्षकाखाली हवी. वर्षअखेरीस ते शीर्षक शून्यावर आलेले दिसले पाहिजे. रोख रक्कम त्याच दिवशी दोघांनी मिळून मोजावी, मोजणीच्या कागदावर दोघांनी सह्या कराव्यात आणि ज्याने पावत्या फाडल्या तो त्या दोघांत नसावा. रद्द झालेली पावती पुस्तकातच राहू द्यावी. माझ्या काळात एकदा पावतीपुस्तकात एक पान कमी भरले. ते शाई सांडली म्हणून फाडून टाकले होते, दुसरे काहीच घडले नव्हते. पण ते सिद्ध करायला मला तीन बैठका लागल्या आणि तोवर लोकांनी आपापले अर्थ काढले होते.

नावांच्या यादीबद्दल मात्र माझे आणि आपले मत थेट वेगळे आहे. पारदर्शकतेसाठी यादी लावतो, असे आपण म्हणता. सभासदाला पारदर्शकता कशाची हवी असते? आपण दिलेले पैसे पोचले की नाही, याची. त्यासाठी त्याच्या हातात पावती आहे, आणि एकूण रक्कम व पावत्यांची संख्या हिशेब तपासनिसांनी पडताळली की शंकेला जागा राहत नाही. शेजाऱ्याने किती दिले हे कळण्याने त्यात काही भर पडत नाही. यादी वाचताना डोळा आपोआप रकमेच्या रकान्याकडे जातो आणि तिथून तो नसलेल्या नावांकडे वळतो. फलकासमोर उभे राहून, कोणाचे नाव नाही याची मोजदाद करणारे दोन सभासद मी परवाच पाहिले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. यादी समोर असली की माणूस तेच करतो. ज्यांची नावे नाहीत त्यांच्यापैकी एकाने दिवंगतांच्या घरी आठवडाभर दोन वेळचा डबा पोचवला आहे, हे त्या यादीत कुठे लिहिणार?

एकूण रक्कम जाहीर करावी की नाही, यावर मी बरेच दिवस विचार केला. करावी असे पूर्वी मला वाटे. आता वाटते की तो निर्णयही कुटुंबाचा आहे. एखाद्या घरात किती पैसे गेले हे सगळ्यांना माहीत झाले की त्या घरातल्या पुढच्या प्रत्येक खर्चाकडे लोक त्या आकड्यातून पाहू लागतात. त्यामुळे ‘जमा झालेली संपूर्ण रक्कम अमुक तारखेला कुटुंबाकडे सुपूर्द केली, पावत्या व मोजणीचे कागद हिशेब तपासनिसांनी पाहिले आहेत’ असे निवेदन पुरेसे व्हावे. ज्या सभासदाला आकडा जाणून घ्यायचाच आहे त्याला कार्यालयात येऊन वही पाहता येईल. असा सभासद क्वचितच येतो.

टीका करून थांबणे सोपे असते, म्हणून पर्यायी मजकूर देत आहे. माझी पहिली सूचना अशी, की एका पानाच्या जागी दोन पाने असावीत आणि त्यांच्यात काही दिवसांचे अंतर असावे. पहिल्या सूचनेत पैशाचा उल्लेखही नको :

‘आपल्या मंडळाचे सभासद श्री. … यांचे दि. … रोजी निधन झाले. मंडळाच्या कामात … वर्षे त्यांचा सहभाग होता. कुटुंबीयांच्या संमतीने दि. … रोजी … वाजता मंडळाच्या सभागृहात शोकसभा होईल. सभेत कुटुंबीयांनी सुचवलेल्या व्यक्ती बोलतील आणि शोकप्रस्ताव मांडला जाईल. सभेचा कालावधी सुमारे एक तास असेल. कुटुंबीयांना भेटण्यासंबंधी चिटणीसांकडे विचारणा करावी.’

या मजकुरात मृत्यूचे कारण नाही, हे आपल्या लक्षात येईल. ते मुद्दाम वगळले आहे. यंदाच्या सूचनेत आजाराचे नाव होते आणि ते घरच्यांनी सांगितले नव्हते, कोणीतरी ऐकलेले होते. शिवाय नाव दोनदा तपासून घ्यावे. दिवंगतांच्या वडिलांचे नाव आपण चुकीचे छापले आणि सभेत शोकप्रस्ताव वाचतानाही तीच चूक झाली, कारण प्रस्ताव सूचनेवरूनच उतरवला होता. त्या प्रस्तावाची प्रत कुटुंबाकडे जाते आणि बहुतेक घरांत ती जपून ठेवली जाते, म्हणून दुरुस्त प्रत पुन्हा पाठवावी, ही विनंती आहे.

दुसरी सूचना कुटुंबाने होकार दिला तरच काढावी, आणि ती शोकसभा झाल्यानंतर काढावी :

‘दिवंगत सभासद श्री. … यांच्या कुटुंबासाठी काही सभासदांनी मदत देण्याची इच्छा व्यक्त केली आहे. कुटुंबाची याला संमती आहे. ज्यांना इच्छा असेल त्यांनी दि. … पर्यंत मंडळाच्या खात्यात किंवा कार्यालयात रक्कम द्यावी. रक्कम किती असावी हे मंडळाने ठरवलेले नाही. देणाऱ्यांची नावे आणि रकमा जाहीर केल्या जाणार नाहीत व कुटुंबालाही कळवल्या जाणार नाहीत. जमा झालेली सर्व रक्कम श्रीमती … यांना कोणत्याही अटीविना दि. … पर्यंत दिली जाईल आणि तसे निवेदन फलकावर लावले जाईल. याबाबत कोणाकडेही वैयक्तिक पाठपुरावा केला जाणार नाही.’

शेवटचे वाक्य काढून टाकावे असे काहींना वाटेल, कारण पाठपुरावा केल्याशिवाय लोक देत नाहीत असा आपला अनुभव आहे. ते खरे आहे. सात वर्षांपूर्वी आपले २१२ सभासद होते आणि पाठपुराव्याविना ६३ जणांनी दिले, म्हणजे तिघांपैकी एकानेही नाही. त्याआधीच्या वेळी मी घरोघरी फोन केले होते आणि तेव्हा देणाऱ्यांची संख्या जवळजवळ दुप्पट होती. पण त्या दुपटीतल्या अनेकांनी अगदी छोटी, सुटका करून घेण्यापुरती रक्कम दिली होती आणि एकूण आकड्यात फारसा फरक पडला नव्हता. फरक पडला तो पुढे. माझा फोन दिसला की काही जण तो उचलेनासे झाले आणि वार्षिक वर्गणीची आठवण करून देणेही मला अवघड होऊन बसले.

आता या वेळी जे घडले त्याचे काय करायचे, एवढाच प्रश्न उरतो. मला तीन गोष्टी सुचवायच्या आहेत आणि त्या येत्या बैठकीत विषयपत्रिकेवर घ्याव्यात, अशी रीतसर विनंती मी या पत्राने करत आहे. फलकावरची यादी आजच उतरवावी. दिवंगतांच्या पत्नी आणि मुलगा यांना योग्य माणसाने भेटून, रक्कम स्वीकारण्याची त्यांची इच्छा आहे का, हे आता तरी विचारावे. त्यांनी होकार दिल्यास सर्व रक्कम त्यांनी सांगितलेल्या नावे द्यावी आणि स्मरणार्थ उपक्रमाचा उल्लेख मागे घेतल्याचे सभासदांना कळवावे, कारण काहींनी त्या हेतूने पैसे दिलेले असू शकतात आणि त्यांना रक्कम परत मागण्याची संधी मिळाली पाहिजे. कुटुंबाने नकार दिल्यास पावतीपुस्तकावरून प्रत्येकाला पैसे परत करावेत. रोख देणाऱ्यांचीही नावे पावत्यांवर आहेत, त्यामुळे हे काम एका दिवसाचे आहे. ते करायला मी कार्यालयात येऊन बसायला तयार आहे.

किमान रकमेहून कमी देऊन ज्यांनी पावती घेतली ते वृद्ध सभासद त्यानंतर मंडळात आलेले नाहीत. मी त्यांच्याकडे जाऊन आले. त्यांनी यादी पाहिली होती. माझ्याशी ते बराच वेळ दिवंगतांबद्दल बोलले, दोघांनी मिळून सभागृहातल्या खुर्च्या कशा दुरुस्त केल्या होत्या ते सांगितले. शोकसभेत मला हे बोलायचे होते, पण वक्त्यांच्या यादीत माझे नाव नव्हते आणि दारातच जरा अवघडल्यासारखे झाले, असे ते म्हणाले. शोकप्रस्तावाची दुरुस्त प्रत कुटुंबाकडे जाईल तेव्हा ती घेऊन जायला त्यांना सांगावे, असे मला वाटते. त्यांना मी अजून तसे विचारलेले नाही. कार्यकारिणीच्या वतीने अध्यक्षांनी विचारावे.

कळावे,

आपली,
मंडळाची एक सभासद व माजी खजिनदार